संस्कृत नाटकाची प्रस्तावना कशी वाचावी: नांदीपासून पहिल्या पात्राच्या प्रवेशापर्यंत

संस्कृत नाटक पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण सुरुवातीची दोन पानं घाईघाईने उलटतात. एक देवाचा श्लोक, मग सूत्रधार नावाचा कोणी गृहस्थ येतो, नटीशी चार वाक्यं बोलतो, कवीचं नाव सांगतो आणि निघून जातो. भाषांतरकारही पुष्कळदा हा भाग आटोपता घेतात. वर्गात तो 'नांदीची लक्षणे लिहा' या प्रश्नापुरता उरतो. खरं तर नाटककाराने आपली पुढची चाल बऱ्याचदा याच दोन पानांत उघड केलेली असते, फक्त ती कुठे शोधायची हे माहीत हवं.

संस्कृत जेमतेम येणाऱ्या किंवा मराठी भाषांतरावर भिस्त असणाऱ्या नव्या वाचकासाठी हे टिपण आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः 'अभिज्ञानशाकुंतल' घेतलं आहे. त्याची प्रस्तावना छोटी आहे आणि एका बैठकीत पूर्ण होते. बाकीची नाटकं गरजेपुरती येतील.

## आधी हाताशी काय हवं

- नाटकाची अशी प्रत, जिच्यात मूळ संस्कृत, प्राकृत वाक्यांची संस्कृत छाया आणि टिपा तिन्ही आहेत. मो. रा. काळे यांच्या आवृत्त्या नवख्याला सोयीच्या पडतात. शाकुंतलावर राघवभट्टाची 'अर्थद्योतनिका' टीका मिळाली तर फारच छान.
- एक मराठी भाषांतर, शक्यतो श्लोकांचा अर्थ गद्यात देणारं. वृत्तबद्ध भाषांतर वाचायला गोड लागतं, पण त्यात श्लेष हटकून सांडतात.
- पेन्सिल. प्रस्तावनेतल्या ज्या शब्दांवर खूण कराल ते पुढच्या अंकांत पुन्हा शोधायचे आहेत.

छायेकडे दुर्लक्ष करू नका. सूत्रधार संस्कृत बोलतो, नटी प्राकृत बोलते. तिचं बोलणं साधारणपणे शौरसेनीत असतं आणि गाणं महाराष्ट्रीत. गाण्यासाठी महाराष्ट्री हा त्या काळच्या रंगभूमीचा संकेतच होता. नटीची वाक्यं फक्त छायेतून वाचली तर अर्थ कळतो, पण कानाला होणारा फरक कळत नाही. म्हणून तिचं गाणं एकदा तरी मूळ प्राकृतात मोठ्याने म्हणून पाहा.

## पायरी १: प्रस्तावनेची हद्द आखून घ्या

सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे आधी ठरवा. शाकुंतलात नांदीच्या श्लोकानंतर 'नान्द्यन्ते सूत्रधारः' अशी रंगसूचना येते. इथून प्रस्तावना सुरू. सूत्रधार आणि नटी निघून जातात तिथे 'इति निष्क्रान्तौ' आणि त्याखाली एकटा शब्द, 'प्रस्तावना', छापलेला दिसेल. तो शीर्षकासारखा दिसतो, म्हणून नवखा वाचक गोंधळतो. त्याचा अर्थ 'इथे प्रस्तावना संपली' असा आहे. काही ग्रंथांत याच भागाला 'आमुख' म्हटलेलं सापडेल.

भासाच्या नावावर असलेली नाटकं उघडलीत तर चित्र वेगळं दिसेल. ही तेरा नाटकं त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींनी 1912 पासून प्रसिद्ध केली. त्यांत 'नान्द्यन्ते ततः प्रविशति सूत्रधारः' ही सूचना अगदी पहिली येते आणि मंगलश्लोक त्यानंतर सूत्रधाराच्या तोंडी येतो. भागाचं नावही 'स्थापना' असं असतं. म्हणजे नांदी आधीच होऊन गेली आहे, ती लिहिलेली नाही.

नांदी म्हणजे काय आणि ती कोण म्हणतो, यावर जुन्या टीकाकारांचीही एकवाक्यता नाही. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त सांगतो की जुन्या पोथ्यांत 'नान्द्यन्ते सूत्रधारः' ही सूचना 'विक्रमोर्वशीया'च्या पहिल्या श्लोकाच्या आधी लिहिलेली दिसते. तुमच्या प्रतीत ती श्लोकानंतर असेल. दोन्ही बरोबर असू शकतात, यात अडकून बसू नका. एवढंच लक्षात ठेवा की छापील नाटकाच्या आधी रंगमंचावर बराच विधी झालेला असायचा.

त्या विधीला नाट्यशास्त्र 'पूर्वरंग' म्हणतं आणि पाचवा अध्याय सगळा त्यालाच देतं. वाद्यं मांडणं, सूर जुळवणं, गायकांनी जागा घेणं हे पडद्याआड. मग सूत्रधार दोन पारिपार्श्विकांसह, म्हणजे मदतनीस नटांसह, येतो. एकाच्या हातात पाण्याची झारी, म्हणजे भृंगार, आणि दुसऱ्याच्या हातात इंद्राचा ध्वजदंड, म्हणजे जर्जर. दिशांना वंदन होतं, नांदी होते. सूत्रधार निघून गेल्यावर त्याच्यासारखाच दिसणारा 'स्थापक' येऊन नाटकाची ओळख करून देतो, अशी मूळ योजना होती. विश्वनाथ स्पष्टच लिहितो की आता पूर्वरंग नीट होत नाही, त्यामुळे एकटा सूत्रधारच सगळं उरकतो. तुमच्या छापील प्रतीत स्थापक दिसत नाही याचं कारण हे.

(कीर्तनातला पूर्वरंग डोक्यात असेल तर तो इथे बाजूला ठेवा. तिथे अभंगाचं निरूपण असतं, इथे रंगमंचाची पूजा.)

## पायरी २: नांदी वेगळी काढा आणि तिच्यात नावं शोधा

नांदी हा आशीर्वाद आहे, सूत्रधाराच्या गप्पांचा भाग नाही. तरी तिच्यात नाटककार कधी कधी सामान लपवतो. भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'त नांदी लिहिलेली नसली तरी तिच्याच जातीचा, सूत्रधाराच्या तोंडचा मंगलश्लोक बघा:

उदयनवेन्दुसवर्णावासवदत्ताबलौ बलस्य त्वाम् ।
पद्मावतीर्णपूर्णौ वसन्तकम्रौ भुजौ पाताम् ॥

अर्थ असा की बलरामाचे बाहू तुझं रक्षण करोत. आता पुन्हा वाचा आणि संधी विसरून केवळ कानाने ऐका: उदयन, वासवदत्ता, पद्मावती, वसंतक. राजा, त्याची पहिली राणी, दुसरी राणी आणि विदूषक, चौघं एका आशीर्वादात बसवले आहेत. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक आहे हे गृहीत धरूनच असा खेळ खेळता येतो.

शाकुंतलाची नांदी इतकी लपंडाव खेळत नाही. 'या सृष्टिः स्रष्टुराद्या' या श्लोकात शिवाच्या आठ मूर्ती येतात: पाणी, अग्नी, यजमान, सूर्य आणि चंद्र, आकाश, पृथ्वी, वायू. त्या 'प्रत्यक्ष' आहेत, डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत, असं कवी म्हणतो. नव्या वाचकाने इथे फार ताण देऊ नये. काही टीकाकार या आठ मूर्तींना नाटकातल्या आठ गोष्टींशी जोडतात. मला ते ओढूनताणून वाटतं. एक धागा मात्र पक्का आहे. सातव्या अंकाच्या शेवटी दुष्यंताच्या तोंडचं भरतवाक्य पुन्हा शिवापाशीच जातं. 'नीललोहित' मला पुनर्जन्मातून सोडवो, असं तो मागतो. शेवटी सूत्रधार पुन्हा येत नाही, समारोपाचा आशीर्वाद पात्रच म्हणतं. हे लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागेल.

## पायरी ३: सूत्रधाराला निवेदक समजू नका

मराठी वाचकाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते, आणि त्याला कारणही आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या खेळांत सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावर असायचा, पदं म्हणून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्याच्या आधाराने बोलायची. त्या परंपरेमुळे 'सूत्रधार' म्हटलं की आपल्याला कथा सांगणारा माणूस आठवतो.

अभिजात संस्कृत नाटकातला सूत्रधार कथा सांगत नाही. तो नाटकमंडळीचा प्रमुख आहे. आज कुठलं नाटक करायचं, कोणाची भूमिका कोणाकडे, समोर कोण बसलंय, याची काळजी त्याला आहे. सहसा तो एकदाच येतो आणि गेला की गेला. मधल्या काळात काय घडलं हे सांगायचं काम विष्कंभक आणि प्रवेशक नावाचे छोटे जोडप्रवेश करतात, आणि तिथे बोलणारी माणसं नाटकातलीच पात्रं असतात.

तो कोणाशी कसं बोलतो त्यावरून मंडळीतली नाती कळतात. नटीला तो 'आर्ये' म्हणतो. पारिपार्श्विक त्याला 'भाव' म्हणतो आणि तो पारिपार्श्विकाला 'मारिष'. नटी ही त्याची बायको हे पुष्कळ नाटकांत गृहीतच आहे. 'मृच्छकटिका'त तर त्यांचा संसारच दिसतो.

त्याच्या बोलण्यात तीन गोष्टी शोधा: प्रेक्षकांची स्तुती, कवीचं नाव आणि नाटकाचं नाव. कवी आणि प्रेक्षक यांची वाहवा करून लक्ष वेधून घेणं याला प्ररोचना म्हणतात. भासाच्या नाटकांत कवीचं नाव नसतं. तिथे सूत्रधार 'एवमार्यमिश्रान् विज्ञापयामि', म्हणजे थोरामोठ्यांना असं विनवतो, एवढं म्हणतो न म्हणतो तोच पडद्यामागून आवाज येतो आणि विनंती अर्धीच राहते. 'स्वप्नवासवदत्ता'त तो आवाज 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' असा आहे. मगधाच्या राजकन्येचे नोकर तपोवनातल्या लोकांना हाकलत आहेत. सूत्रधाराचं बोलणं तोडून कथा आत घुसते.

## पायरी ४: शाकुंतलाची प्रस्तावना वाक्यावाक्याने वाचा

आता मुख्य काम. पेन्सिल घ्या.

पहिलं वाक्य. सूत्रधार नेपथ्याकडे पाहून हाक मारतो: आर्ये, रंगरंगोटी झाली असेल तर इकडे ये. नेपथ्य म्हणजे पडद्यामागची सजण्याची खोली. म्हणजे पहिल्याच वाक्यात रंगमंचामागे एक खोली आहे आणि तिथे माणसं वेश घेत आहेत, हे उघड सांगितलं. आपण जे बघणार आहोत तो प्रयोग आहे, हे लपवलेलं नाही.

दुसरं. परिषद जाणकारांची आहे आणि कालिदासाने रचलेलं अभिज्ञानशाकुंतल हे नवं नाटक आज आपल्याला सादर करायचं आहे, तेव्हा प्रत्येक पात्राबाबत काळजी घ्या. 'नव' या शब्दावर खूण करा. आपल्यासाठी हे नाटक अभिजात, त्याच्यासाठी ते ताजं आणि अजून न पारखलेलं.

तिसरं. नटी धीर देते की तुमच्या प्रयोगात काही कमी पडणार नाही. त्यावर सूत्रधाराचं उत्तर:

आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम् ।
बलवदपि शिक्षितानामात्मन्यप्रत्ययं चेतः ॥

जाणते संतुष्ट होईपर्यंत मी माझं प्रयोगाचं ज्ञान चांगलं म्हणणार नाही. कितीही शिकलेला असो, त्याचं मन स्वतःवर विश्वास ठेवत नाही. इथे 'अप्रत्यय' अधोरेखित करा. स्वतःच्या मनावर विश्वास नसणं ही पाचव्या अंकातली दुष्यंताची अडचण आहे. समोर गर्भवती शकुंतला उभी आहे आणि आपण हिच्याशी लग्न केलं की नाही, हे त्याला त्याचं मन सांगत नाही.

चौथं. परिषदेचे कान तृप्त करण्यासाठी ग्रीष्मावर काहीतरी गा, असं सूत्रधार सांगतो आणि ग्रीष्माच्या दिवसांचं वर्णन करतो: पाण्यात डुंबणं सुखाचं, पाटलफुलांच्या वासाचे रानवारे, सावलीत पटकन येणारी झोप आणि 'परिणामरमणीय' दिवस, म्हणजे मावळतीला सुंदर होणारे. दुपार रणरणती आणि शेवट गोड. सात अंकांचा आराखडा एका समासात मावला आहे असं म्हणायचा मोह होतो, आणि इथे तो मोह चुकीचा नाही, कारण ग्रीष्म नुसती सजावट म्हणून येत नाही. पहिल्या अंकातली शिकार आणि तिसऱ्या अंकात वाळ्याचा लेप लावून पडलेली शकुंतला, दोन्ही उन्हाळ्यातच घडतात.

पाचवं. नटी गाते:

ईसीसिचुम्बिआइं भमरेहिं सुउमारकेसरसिहाइं ।
ओदंसअन्ति दअमाणा पमदाओ सिरीसकुसुमाइं ॥

भुंग्यांनी हळूहळू चुंबलेली, नाजूक केसरांची शिरीषफुलं स्त्रिया जपून, दयेने कानात माळतात. आता हे तीन शब्द पुढच्या अंकांत शोधायला निघा.

शिरीष: पहिल्या अंकात झाडांना पाणी घालून दमलेल्या शकुंतलेच्या कानात शिरीष आहे आणि घामाने ते गालाला चिकटलं आहे. सहाव्या अंकात राजा तिचं चित्र काढतो आणि म्हणतो की कानातलं, केसर गालापर्यंत लोंबणारं शिरीष अजून काढायचं राहिलं.

भुंगा: पहिल्या अंकात तोच शकुंतलेला छळतो आणि राजाला पुढे यायचं निमित्त देतो. सहाव्या अंकात चित्रातल्या भुंग्याला राजा खरा समजून दम देतो.

चुंबन: पाचव्या अंकाच्या सुरुवातीला पडद्याआड राजाची राणी हंसपदिका गाते की भुंग्या, आंब्याच्या मोहराला तसा चुंबून आता कमळात रमलास, तिला विसरलास कसा? नटीच्या गाण्यातलाच भुंगा हा, फक्त आता त्याच्यावर विसरल्याचा आरोप आहे.

सहावं. गाणं संपतं. सूत्रधार म्हणतो, वा, रागाने मन बांधलं गेलंय, सगळा रंग म्हणजे प्रेक्षागृह चित्रात काढल्यासारखं स्तब्ध झालंय. 'आलिखित इव'. मग विचारतो: तर आता कोणतं नाटक करून यांना खूश करावं?

इथे थांबा. दहा ओळींपूर्वी त्यानेच नाव सांगितलं होतं. नटी आठवण करून देते: आपणच तर आधी सांगितलंत, अभिज्ञानशाकुंतल. तो कबूल करतो: बरी आठवण दिलीस, या क्षणी मी विसरलोच होतो.

ज्या नाटकाचा सगळा पेच एका विसरण्यावर उभा आहे, त्याचा सूत्रधार नाटकाचं नावच विसरतो. राजा शापामुळे विसरतो, हा गाण्यामुळे. याला बाईच्या एका वाक्याने आठवतं. राजाला शकुंतला समोर उभी राहून सगळं सांगते, तरी आठवत नाही, त्याला अंगठीच लागते. आणि गाण्याचं काम उलटंही होतं. पाचव्या अंकात हंसपदिकेचं गाणं ऐकून राजा अकारण व्याकूळ होतो, काहीतरी आठवता आठवता राहतं. प्रस्तावनेत गाणं विसरायला लावतं, तिथे तेच आठवणीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतं.

सातवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. विसरलो का, तर:

तवास्मि गीतरागेण हारिणा प्रसभं हृतः ।
एष राजेव दुष्यन्तः सारङ्गेणातिरंहसा ॥

तुझ्या मनोहर गाण्याने मला ओढून नेलं, जसं या दुष्यंत राजाला वेगवान हरणाने. 'हारिन्' म्हणजे मन हरणारं आणि ओढून नेणारंही, म्हणून तो शब्द गाण्याला लागतो आणि हरणालाही. पण खरी करामत 'एष' मध्ये आहे. उपमा द्यायची तर 'जसा दुष्यंत' पुरलं असतं. सूत्रधार म्हणतो, 'हा दुष्यंत'. 'हा' म्हणायला तो दिसायला हवा. आणि पुढची रंगसूचना येते: हरणाचा पाठलाग करणारा, हातात धनुष्यबाण घेतलेला राजा सारथ्यासह रथातून प्रवेश करतो.

त्या एका 'एष' पर्यंत आपण जाणकारांच्या सभेत बसलो होतो. त्यानंतर आपण कण्वाच्या आश्रमाजवळच्या रानात आहोत. सूत्रधाराला आपली जागा सोडावी लागली नाही, कथाच त्याच्या उपमेतून चालत आली.

## पायरी ५: सांधा कोणत्या जातीचा, ते ओळखा

प्रस्तावनेतून कथेत जाण्याच्या या उडीला शास्त्राने प्रकार पाडून दिले आहेत. नाट्यशास्त्र आणि साहित्यदर्पण पाच सांगतात, धनंजयाचं 'दशरूपक' तीन. नावं पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: सूत्रधाराच्या शेवटच्या वाक्यातलं काय पात्राने उचललं?

शाकुंतलात एका कामात दुसरं उरकलं. गाण्याची स्तुती करता करता राजा आला. विश्वनाथाने याला 'अवलगित' म्हटलं आहे.

'रत्नावली'त वाक्यच उचललं जातं. नटी हळहळते की एकुलत्या मुलीचं लग्न दूर देशी ठरलंय. सूत्रधार समजावतो: नशीब अनुकूल झालं की दुसऱ्या बेटावरून, समुद्राच्या मधूनही हवं ते आणून जुळवतं. पडद्यामागून अमात्य यौगंधरायण 'वा, यात काय शंका' म्हणत तेच वाक्य पुन्हा म्हणतो आणि आत येतो. तो मुलीच्या लग्नाबद्दल बोलत नाहीये. सिंहलची राजकन्या जहाज फुटून समुद्रातून कौशांबीला पोचली आहे, त्याबद्दल बोलतोय. हा 'कथोद्घात'.

'मुद्राराक्षसा'त नुसता एक शब्द चुकीचा ऐकला जातो. नटी चंद्रग्रहणासाठी ब्राह्मणांचा स्वयंपाक करतेय. सूत्रधार ज्योतिष शिकलेला, तो सांगतो की ग्रहण नाही. तो म्हणतो, क्रूर ग्रह केतूसह चंद्राला जबरदस्तीने ग्रासू पाहतोय. वाक्य पुरं होण्याआधी आतून गर्जना होते: कोण आहे रे तो, मी असताना चंद्रगुप्ताला ग्रासू पाहणारा? मोकळी शेंडी कुरवाळत चाणक्य येतो. सूत्रधार चंद्राबद्दल बोलत होता, चाणक्याने चंद्रगुप्त ऐकला. केतू म्हटलं की पुढे चंद्रगुप्ताचा शत्रू मलयकेतू आठवा आणि क्रूर ग्रह म्हणजे त्याच्या बाजूचा अमात्य राक्षस. हे 'उद्घात्यक'. माणसाच्या तोंडून निघालेल्या शब्दाचा राजकारणात कसा अर्थ लावला जातो, हा त्या नाटकाचा विषयच आहे.

सापळा: नेपथ्यातून आलेला आवाज आणि सूत्रधाराचं बोलणं यांच्यात पुष्कळदा दोन अर्थांचा श्लेष असतो. तो टिपांतून शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'वेणीसंहारा'तला सूत्रधार शांततेचा आशीर्वाद देतो: कौरव 'स्वस्थ' होवोत, त्यांनी पृथ्वी 'रक्ता'ने सजवलेली असो, त्यांचे 'विग्रह' क्षत होवोत. वरवर अर्थ गोड आहे: प्रेमाने जिंकलेली पृथ्वी, मिटलेलं भांडण, सुखात असलेले कौरव. दुसरा अर्थ रक्ताने माखलेली जमीन, जखमी देह आणि स्वर्गवासी कौरव. भीम आतून खेकसतो की मी जिवंत असताना धृतराष्ट्राची पोरं स्वस्थ राहतात काय. नुसतं भाषांतर वाचणाऱ्याला भीम एवढा का चिडला ते कळत नाही.

## पायरी ६: सूत्रधारच वेश बदलतो ते पाहा

काही नाटकांत उडी सूत्रधार स्वतः मारतो. 'उत्तररामचरिता'त तो आधी कालप्रियनाथाच्या यात्रेला जमलेल्या लोकांशी बोलतो आणि मग जाहीर करतो: कामासाठी मी आता अयोध्येचा आणि त्या काळचा झालो आहे. झाला. वेश नाही, पडदा नाही, एक वाक्य.

'मृच्छकटिका'त याहून मजा आहे. बराच वेळ गाण्याची तालीम करून सूत्रधार भुकेला घरी येतो. इथे तो जाहीर करतो की कामाच्या आणि प्रयोगाच्या सोयीसाठी मी आता प्राकृतात बोलणार, आणि लगेच भाषा बदलतो. घरात स्वयंपाकाची धांदल दिसते म्हणून खूश होतो. चौकशी केल्यावर कळतं की बायकोचा उपास आहे, पुढच्या जन्मी देखणा नवरा मिळावा म्हणून. या जन्मीचा नवरा समोर उभा. व्रतासाठी ब्राह्मण हवा म्हणून तो शोधायला निघतो, तर समोरून चारुदत्ताचा मित्र मैत्रेय येतो. तो जेवणाचं आमंत्रण नाकारतो आणि नाटक सुरू होतं. उज्जयिनीची गल्ली, भूक, पैशाची चणचण आणि बायकोशी होणारी बोलाचाली, सगळं प्रस्तावनेतच आहे.

सापळा: प्रस्तावनेतला मजकूर सरसकट इतिहास म्हणून वापरू नका. 'मृच्छकटिका'ची प्रस्तावना सांगते की कवी शूद्रक शंभर वर्षं आणि दहा दिवस जगून अग्नीत गेला. स्वतःच्या मरणाची बातमी कवी स्वतः देत नाही, म्हणजे निदान तेवढा भाग दुसऱ्या कोणाचा आहे. उलट 'मालविकाग्निमित्रा'त पारिपार्श्विक विचारतो की भास, सौमिल्लक, कविपुत्र अशा नामवंतांना टाकून या हल्लीच्या कालिदासाचं नाटक कशाला. ते कामाचं आहे. कालिदासाआधी हे नाटककार गाजलेले होते हे त्यातून पक्कं कळतं.

## पायरी ७: साम्य खरं की आपण लादलेलं, हे तपासा

शाकुंतलाची चव लागली की माणूस प्रत्येक प्रस्तावनेत पुढच्या कथेच्या खुणा शोधू लागतो. त्यासाठी एक साधी चाचणी ठेवा. प्रस्तावनेतला तोच शब्द किंवा तीच वस्तू कथा वळते त्या जागी पुन्हा येते का? शिरीष, भुंगा आणि विसरणं या चाचणीत उतरतात. नांदीतल्या आठ मूर्तींचं आठ गोष्टींशी केलेलं साम्य उतरत नाही.

ऋतूच्या बाबतीत आणखी सावध राहा. ऋतू कधी प्रयोगाच्या दिवसाचा असतो, कधी कथेचा आणि कधी दोन्हींचा. 'रत्नावली' वसंतोत्सवात सादर होते आणि पहिल्या अंकातही वसंतोत्सवच चालू आहे. प्रेक्षक आपल्या गावच्या गुलालातून उठून कौशांबीच्या गुलालात जातो. तिथे ऋतू हाच सांधा आहे. ज्या नाटकात उत्सवाचा उल्लेख केवळ 'आज प्रयोग का' हे सांगण्यापुरता येतो, तिथे तेवढाच घ्या.

## पुढे कोणतं नाटक घ्यावं

शाकुंतल झालं की 'स्वप्नवासवदत्ता'ची स्थापना वाचा, ती अर्ध्या पानाची आहे आणि कवीच्या नावाशिवायची प्रस्तावना कशी दिसते ते कळेल. मग 'मुद्राराक्षस', पण टिपांसह, नाहीतर ग्रहणाचा श्लेष निसटेल. 'मृच्छकटिका'ची प्रस्तावना लांब आहे, म्हणून ती मागाहून. 'वेणीसंहार' सगळ्यात शेवटी, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ आहे आणि संस्कृत जरा सरावल्याशिवाय ते ओझं होतं.

मराठी रंगभूमीवर हे कसं उतरलं ते पाहायचं असेल तर अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' घ्या. त्याचा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला आणि सुरुवातीला 'पंचतुंड नररुंडमालधर' ही नांदी आहे. कालिदासाच्या नांदीतल्या आठ मूर्ती बाजूला ठेवून किर्लोस्करांनी पाच तोंडांचा, रुंडमाळा घातलेला शिव का निवडला असेल, हे दोन्ही नांद्या शेजारी ठेवून वाचल्यावर तुम्हीच ठरवा. त्यासाठी नांदीचं पद गाऊन ऐकावं, छापील ओळींतून ते कळत नाही.